विज्ञानाचं उत्तर चूक धरलंय, शिक्षकांना पत्र कसं लिहू? सीमाभागातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले पालक एसए-१ चे पेपर हातात आले की हेच प्रश्न विचारतात. मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. पेपर तपासणाऱ्याच्या बाजूनं आणि पालकाच्या बाजूनंही उत्तरं दिली आहेत. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे, नववीतलं, उकळत्या पाण्याचं. एका उदाहरणावर सगळं नीट दाखवता येतं.

१. पत्रच कशाला? जाऊन बोललं तर चालत नाही का?

चालतं, आणि लहान शाळेत बहुतेक वेळा तेच बरं. पण मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात उभं राहून विज्ञानाच्या उत्तराची चर्चा होत नाही. सरांच्या हातात त्या वेळी दुसऱ्याच वर्गाचा गठ्ठा असतो. तुमच्या मुलीचा पेपर कपाटात असतो, प्रश्न आठवत नसतो, आणि "बघतो हां" यापलीकडे ते काही बोलू शकत नाहीत. पत्र असलं की ते निवांतपणे पेपर काढतात, प्रश्न वाचतात, की आन्सर बघतात आणि ठरवतात. म्हणून पत्र द्यावं, पण हातात द्यावं आणि दोन शब्द बोलावेत. "सर, घाई नाही, सवडीनं बघा" एवढं पुरे.

बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचंच राहून गेलं असेल, तर पत्राची गरज नाही. पेपर दाखवा, जागच्या जागी दुरुस्त होतं. पत्र लागतं ते उत्तर वाचून चूक ठरवलेलं असतं तेव्हा.

२. माझ्या मुलीचं उत्तर खरंच बरोबर आहे का, हे मी कसं ठरवू? मला विज्ञान येत नाही.

विज्ञान येत नसलं तरी तीन गोष्टी तुम्हाला बघता येतात. आधी प्रश्न शब्दन् शब्द वाचा, उत्तर नंतर. प्रश्नात "प्रमाण दाबाला", "निर्वात पोकळीत", "आदर्श स्थितीत" असं काही लिहिलंय का? असलं तर उत्तराची चौकट तिथंच ठरते. मग समासातले गुण बघा. दोन गुणांचा प्रश्न म्हणजे बहुधा दोन मुद्दे, एक उत्तराचा आणि एक कारणाचा. शेवटी पाठ्यपुस्तकातला तो परिच्छेद काढा आणि मुलीला म्हणा, "तू लिहिलंस ते मला समजावून सांग, पेपर न बघता." ती सांगताना अडखळली, किंवा पेपरात नसलेलं भलतंच सांगू लागली, तर पत्र लिहू नका. मनात काय होतं याला गुण नसतात, कागदावर काय आहे याला असतात.

इथंच बरेच पालक फसतात. मूल घरी आल्यावर फार छान समजावून सांगतं, पण पेपरात अर्धं वाक्य असतं. सरांनी त्या अर्ध्या वाक्याला शून्य दिलं असेल तर ते बरोबर आहे.

३. एखादं खरं उदाहरण घेऊन सांगा ना. कधी पत्र लिहावं, कधी नको?

समजा नववीच्या पेपरात दोन गुणांना हा प्रश्न आला: "खुल्या बीकरमध्ये पाणी उकळत आहे. आणखी पाच मिनिटे उष्णता दिल्यास तापमापीवर किती तापमान दिसेल? कारण लिहा."

की आन्सरमध्ये होतं: १०० अंश सेल्सिअस, एक गुण. दिलेली उष्णता अवस्था बदलण्यासाठी वापरली जाते म्हणून तापमान वाढत नाही, एक गुण.

बेळगावातल्या मुलीनं लिहिलं: "९७ ते ९८ अंश सेल्सिअस. बेळगाव उंचावर आहे म्हणून हवेचा दाब कमी असतो. तापमान वाढणार नाही कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यासाठी वापरली जाते." पूर्ण उत्तरावर लाल फुली, गुण शून्य.

आता शांतपणे बघा. दुसरा गुण तिला मिळायलाच हवा. की मध्ये जे कारण आहे तेच तिनं साध्या भाषेत लिहिलंय. पहिली ओळ वाचून शंभर दिसले नाहीत आणि हात फुलीकडे गेला, असंच झालेलं दिसतं. गठ्ठा मोठा असला की हे होतं.

पहिल्या गुणाबद्दल मात्र दोन बाजू आहेत. पाणी उकळतं ते त्याच्या वाफेचा दाब भोवतालच्या हवेच्या दाबाइतका झाला की. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, तिथं हे १०० अंशाला घडतं. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर दाब साधारण ६९५ मिलिमीटरवर येतो, आणि पाणी सुमारे साडेसत्त्याण्णव अंशालाच उकळायला लागतं. निपाणी आणि खानापूर बेळगावपेक्षा खाली आहेत, तिथं आकडा ९८ च्या जवळ जाईल. चोर्ला घाट उतरून पणजीला गेलात की परत शंभर. म्हणजे मुलीनं लिहिलेला आकडा बेळगावसाठी अगदी खरा आहे आणि तो का खरा आहे हेही तिनं लिहिलंय. प्रश्नात जागा दिलेली नाही, दाबही दिलेला नाही.

दुसरी बाजू अशी, की जागा दिलेली नसली की प्रमाण दाब धरायचा हा शाळेतला रिवाज आहे, आणि वर्गात बहुधा १०० अंश असंच शिकवलेलं असतं. शिक्षक त्यावर ठाम राहिले तर त्यांना चूक म्हणता येणार नाही.

म्हणून या पत्रात दोन वेगळ्या विनंत्या हव्यात. कारणाच्या गुणाची स्पष्ट विनंती, आणि तापमानाच्या गुणाबद्दल "आपण विचार करावा" एवढंच. दोन्ही एकाच सुरात मागितलं तर पक्का मुद्दाही कच्च्या मुद्द्याबरोबर वाहून जातो.

पत्र कधी नको? प्रश्नात "एक वातावरण दाबाला" असं असतं, तर मुलीचा आकडा चूक ठरला असता, मग फक्त कारणाचा गुण मागायचा. आणि तिनं नुसतंच "९८" लिहून सोडून दिलं असतं, तर तो अंदाज होता की समज, हे शिक्षकांना कळायला काही मार्ग नाही. तिथं पत्र लिहू नका.

४. पत्राचा नमुना द्या.

वरच्याच उदाहरणाचं पत्र देतो. उतरवून घ्यायला हरकत नाही, पण प्रश्न आणि उत्तराच्या जागी तुमच्या पेपरातले शब्द जसेच्या तसे घाला.

दिनांक: …………

प्रति,
विज्ञान विषयाचे सर,
इयत्ता नववी, तुकडी ……

विषय: एसए-१ विज्ञान पेपर, प्रश्न क्र. …… चे उत्तर पुन्हा एकदा पाहावे ही विनंती.

मा. सर,

सादर नमस्कार. माझी मुलगी कु. ………… (हजेरी क्रमांक ……) आपल्या वर्गात शिकते. तिचा पेपर आम्ही घरी पाहिला. इतर उत्तरांवर आपण लिहिलेले शेरे तिने वाचले असून त्याप्रमाणे ती दुरुस्ती करीत आहे.

प्रश्न क्र. …… असा आहे: "खुल्या बीकरमध्ये पाणी उकळत आहे. आणखी पाच मिनिटे उष्णता दिल्यास तापमापीवर किती तापमान दिसेल? कारण लिहा." (२ गुण)

तिचे उत्तर: "९७ ते ९८ अंश सेल्सिअस. बेळगाव उंचावर आहे म्हणून हवेचा दाब कमी असतो. तापमान वाढणार नाही कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यासाठी वापरली जाते."

या उत्तराला गुण मिळालेले नाहीत. उष्णता वाफ होण्यासाठी वापरली जाते हे कारण तिने लिहिले आहे. पाठ्यपुस्तकातही, द्रव्याच्या अवस्थांच्या धड्यात, हेच कारण दिलेले आहे असे आम्हाला वाटते. कारणाचा गुण देता येईल का, हे कृपया पाहावे.

तापमानाचा आकडा पुस्तकातील १०० अंशापेक्षा वेगळा आहे, हे आम्ही जाणतो. उंचीमुळे आपल्या गावी पाणी थोड्या कमी तापमानाला उकळते असे समजून तिने तो लिहिला आहे. प्रश्नात दाबाचा उल्लेख नसल्याने हे उत्तर ग्राह्य धरता येईल का, याचा निर्णय आपणच करावा. तिची समजूत चुकत असेल, तर कुठे चुकते ते तिला सांगितल्यास आम्ही आभारी राहू.

आपल्या सवडीने पाहावे. सोबत त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे.

आपली नम्र,
(पालकाची सही, नाव, फोन नंबर)

दुरुस्तीविषयीचं वाक्य खरं असेल तरच लिहा. बाकी चुका तुम्ही मान्य केल्या आहेत आणि हा एकच प्रश्न विचारताय, एवढं शिक्षकांना त्यातून कळतं. मुलीचं उत्तर उतरवताना तिच्या शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच ठेवा. सुधारून लिहिलंत तर पेपर उघडल्यावर ते लगेच दिसतं, आणि मग बाकीच्या पत्रावरचा विश्वासही कमी होतो.

५. काय लिहू नये?

"अन्याय", "पक्षपात", "वरिष्ठांकडे तक्रार" हे शब्द नकोत. शेजारच्या मुलाला याच उत्तराला गुण दिले, हेही नको. कित्येकदा त्याचे गुण कमी होतात, तुमचे वाढत नाहीत, आणि गल्लीत उगाच तोंड लपवत फिरावं लागतं. एका पत्रात एकच प्रश्न घ्या. पाच उत्तरं घेऊन गेलात तर सरांना वाटणार, पूर्ण पेपरच परत तपासायला सांगताहेत.

६. पत्र मराठीत लिहू की कन्नडमध्ये?

जे शिक्षक ते वाचणार आहेत त्यांना सहज वाचता येईल त्या भाषेत. मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञानाचे सर मराठीतच पेपर तपासतात, तिथं मराठीच लिहा. मूल कन्नड माध्यमात असेल आणि तुम्हाला कन्नड लिहायला जमत नसेल, तर मुलाकडून लिहून घेऊ नका. त्याच्याच गुणांची विनंती त्यानंच लिहिली की ते पत्र विचित्र दिसतं. शेजारच्या कुणाकडून कन्नडमध्ये लिहून घ्या आणि खाली सही मराठीत करा. त्यात कमीपणा नाही आणि कुणी हरकतही घेत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिक्षक असले तरी पत्र कार्यालयात जाणार असेल तर इंग्रजी किंवा कन्नड सोयीचं पडतं.

भाषा कोणतीही असो, प्रश्न आणि उत्तर मात्र पेपराच्या भाषेतच ठेवा. त्याचं भाषांतर करायला गेलात की नेमका वादाचा शब्द हातातून निसटतो.

७. पुरावा म्हणून काय जोडू? कोल्हापूरहून आणलेल्या गाइडमध्ये आमचं उत्तर बरोबर दिलंय.

तुमचं मूल कर्नाटकच्या शाळेत शिकतं, म्हणून पुरावा कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकाचा. महाराष्ट्र बोर्डाचं गाइड सीमाभागातल्या घराघरात असतं आणि अभ्यासाला ते वाईटही नाही. पण धड्यांची मांडणी वेगळी, काही संज्ञाही वेगळ्या. ते पान जोडलंत की सर आधी "हे आपलं पुस्तक नाही" म्हणणार, आणि ते खरंच आहे. यूट्यूबवरच्या व्हिडिओचीही तीच गत.

पुस्तकातला परिच्छेद देताना पूर्ण द्या. उकळत्या पाण्याच्या उदाहरणात, नववीच्या पुस्तकातली उत्कलनबिंदूची व्याख्याच वातावरणाच्या दाबाशी जोडलेली आहे. वातावरणाचा दाब सगळीकडे सारखा नसतो, म्हणून मुलीच्या उत्तराला तिचा आधार आहे. पण त्याच धड्यात पाण्याचा उत्कलनबिंदू ३७३ केल्विन, म्हणजे १०० अंश, असंही दिलंय. पहिलं दाखवून दुसरं झाकू नका. सरांनी तो धडा कितीतरी वेळा शिकवलेला असतो.

८. घरी पाणी उकळून, तापमान मोजून फोटो पाठवला तर?

कल्पना मला आवडते, पण आधी हे वाचा. ताप बघायचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालू नका. त्याचं मोजमाप ४२ अंशांच्या आसपास संपतं. काचेचा असेल तर फुटेल, आणि त्यात पारा असेल तर तो घरात सांडेल. त्यासाठी प्रयोगशाळेतली, ११० अंशांपर्यंतची तापमापी लागते.

तीही आधी तपासून घ्यावी लागते. शाळेच्या पेटीतली जुनी तापमापी सहज अर्धा-एक अंश चुकीचं दाखवते, आणि इथं सगळा वादच दोन-अडीच अंशांचा आहे. फोडलेला बर्फ थोड्या पाण्यात ठेवून त्यात तापमापी धरा. शून्य दाखवायला हवं. एक अंश वर दाखवत असेल तर शेवटच्या आकड्यातून एक वजा करा. शंभराच्या बाजूलाही तेवढीच चूक असेल अशी खात्री नाही, पण निदान ढोबळ बिघाड कळतो. मग साध्या पाण्यात, मीठ न घालता, फुगा भांड्याच्या तळाला न टेकवता धरा. तळाला टेकला की आकडा वर सरकतो, मिठानंही थोडा वर जातो. पाणी खळखळून उकळल्यावर मिनिटभर थांबा. आकडा जिथं स्थिर होईल तो तुमच्या गावचा. हे काम मोठ्या माणसानं करावं, मुलानं बाजूला उभं राहून वाचावं.

एवढं करूनही हा फोटो पत्राला जोडायचा नाही. मुलीनं पेपरात काय लिहिलं हा प्रश्न आहे, आणि घरचा फोटो जोडला की सरांनाच परीक्षेला बसवल्यासारखं होतं. त्यापेक्षा सरांना विचारा, वर्गात हा प्रयोग करून बघता येईल का. पुष्कळ शिक्षक आनंदानं करतात. एका शाळेत तापमापी ९७ वर थांबली तेव्हा मुलांनी ती बिघडली असं ठरवून दुसरी आणली होती. तीही ९७ वरच थांबली.

९. पेपर मिळाल्यापासून किती दिवसांत पत्र द्यावं?

पेपर दाखवतात त्याच आठवड्यात. एसए-१ साधारण दसऱ्याच्या सुट्टीआधी होते आणि पेपर सुट्टीच्या आधी किंवा लगेच नंतर हातात येतात. "समुदायदत्त शाले" कार्यक्रमात पालकांना बोलावून पेपर दाखवतात, तो दिवस सगळ्यांत सोयीचा. गुण एकदा एसएटीएसवर, म्हणजे खात्याच्या ऑनलाइन नोंदीत, भरले की दुरुस्तीसाठी शिक्षकांना एचएमकडे जावं लागतं, आणि एका गुणासाठी ते कुणालाच नको असतं.

पेपर शाळेत परत द्यायचा असेल तर त्या पानाचा फोटो मिळाला त्याच दिवशी काढून ठेवा. पेपर घरी आल्यावर मुलानं त्यावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलनंसुद्धा नाही. नंतर घातलेला एक शब्द दिसला तरी पुढचं सगळं बोलणं संपतं.

१०. सर म्हणाले, "की आन्सरमध्ये हेच आहे, मी काय करू?"

हे उत्तर टाळाटाळीचं असेलच असं नाही. पेपर शाळेबाहेरून आलेला असेल तर की आन्सरही तिकडूनच येतं, आणि सगळ्या शाळांत एकसारखं तपासायचं असतं. पण की मध्ये अपेक्षित मुद्दा दिलेला असतो, मुलानं तोच शब्द लिहिला पाहिजे असं नाही. तेव्हा एवढंच विचारा: "सर, की मध्ये कारणाचा वेगळा गुण आहे का?" आमच्या उदाहरणात तो आहे, आणि मग तो गुण द्यायला की आड येत नाही. तापमानाच्या गुणाबद्दल की आड येते, तिथं ताणू नका. कारण प्रश्न ३ मध्ये दिलंय.

पेपर सरांनीच काढला असेल तर की त्यांचीच असते. ती बदलणं त्यांच्या हातात असतं, आणि बदलली तर सगळ्या वर्गाला लागू करावी लागते. होकार द्यायला त्यांना वेळ लागतो तो यामुळेच.

११. निम्म्या वर्गाचं तेच उत्तर चूक धरलंय. सगळ्या पालकांनी मिळून सही करावी का?

नको. दहा सह्यांचं पत्र आलं की तो विज्ञानाचा प्रश्न राहत नाही, शाळेच्या राजकारणाचा होतो, आणि एसडीएमसीच्या बैठकीत पोचतो. एका पालकानं लिहावं आणि शेवटी एक वाक्य घालावं: "आणखी काही मुलांनी असेच उत्तर लिहिले आहे असे समजते, आपल्याला योग्य वाटल्यास त्यांचाही विचार व्हावा." व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेपराचा फोटो टाकू नका. आधी सरांना कळू द्या.

१२. मुलगा म्हणतो पत्र देऊ नको, सर डूख धरतील.

त्याचं आधी ऐका. पुष्कळदा त्याला खरं भय दुसरंच असतं: वर्गात उभं करून "तुझ्या बाबांनी पत्र दिलंय" असं म्हटलं तर काय. त्यावर उपाय आहे. पत्र मुलाच्या हातून पाठवू नका, स्वतः न्या, आणि "वर्गात विषय काढला नाही तर बरं होईल" असं तोंडी सांगा. तरीही तो नकोच म्हणत असेल तर एफए-एसएच्या एका गुणासाठी त्याच्या मनाविरुद्ध जाण्यात अर्थ नाही. आठवी-नववीचं मूल असेल तर त्यानं स्वतः तास संपल्यावर पेपर घेऊन जावं, हे माझ्या मते पत्रापेक्षाही चांगलं.

१३. पत्र दिल्यावर गुण वाढायच्या ऐवजी कमी झाले तर?

होऊ शकतं. पेपर परत उघडला की पलीकडच्या प्रश्नाला चुकून दिलेला जादा गुणही दिसतो. पत्र एकाच प्रश्नापुरतं असेल तर बहुतेक शिक्षक बाकीच्याला हात लावत नाहीत, पण लावला तर तक्रार करता येत नाही. म्हणून पत्र देण्याआधी पूर्ण पेपर तुम्हीही एकदा नजरेखालून घाला. जास्तीचा गुण दिसला तर तो आपणहून सांगायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी माझ्या मुलांना सांगायला लावलं असतं.

१४. आठवडा झाला, उत्तरच नाही. किंवा सरळ नकार आला. पुढं काय?

उत्तर नसेल तर एकदा जाऊन आठवण करा. पत्र वहीत राहून जातं. कारण सांगून नकार दिला असेल, तर ते कारण मुलीला समजावून द्या आणि विषय तिथंच सोडा. कारणच सांगितलं नाही, आणि मुद्दा आमच्या उदाहरणातल्या कारणाच्या गुणासारखा पक्का असेल, तर त्याच पत्राची प्रत घेऊन एचएम सरांना भेटा. नवं पत्र, नवी भाषा नको. सरांना सांगूनच जा: "मी एचएम सरांचंही मत घेतो." पाठीमागून गेलात तर पुढची दोन वर्षं तेच सर तुमच्या मुलीला शिकवणार आहेत.

त्यापुढं बीईओ ऑफिस आहे. शाळेतल्या परीक्षेच्या एका गुणासाठी तिथं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाचे गुण मुद्दाम, वारंवार कापले जात असतील तर ती वेगळी तक्रार आहे आणि ती या पत्रात बसत नाही.

१५. दहावीला, एसएसएलसीच्या पेपराबद्दल असंच पत्र चालेल का?

नाही. बोर्डाचा पेपर तुमच्या शाळेत तपासला जात नाही, तपासणारा कोण हे शाळेलाही माहीत नसतं. तिथं निकालानंतर ठरलेल्या मुदतीत बोर्डाकडे ऑनलाइन अर्ज करून आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत मागवायची, ती बघून मग रिटोटलिंग किंवा रिव्हॅल्युएशनचा अर्ज भरायचा. शुल्क आणि मुदत दर वर्षीच्या परिपत्रकात असते, ती शाळेतून विचारून घ्या. प्रत न बघता थेट रिव्हॅल्युएशनला पैसे घालू नका. प्रश्न २ मधली तपासणी इथंही आधी करायची.

की आन्सरच चुकीची वाटत असेल तर त्याची वेळ निकालाच्या बरीच आधी येते. परीक्षेनंतर बोर्ड की आन्सर संकेतस्थळावर टाकतं आणि थोडे दिवस हरकती मागवतं. उकळत्या पाण्यासारखा मुद्दा असेल तर तेव्हाच पुस्तकाच्या पान क्रमांकासह हरकत नोंदवावी, आणि ती शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडून लिहून घेतली तर उत्तम. नंतर पेपर त्या की प्रमाणेच तपासले जातात.

पूर्वपरीक्षेचा पेपर आणि अंतर्गत गुण मात्र शाळेच्याच हातात असतात. त्यासाठी प्रश्न ४ मधलंच पत्र चालतं. फक्त वरती "एसए-१" खोडून "पूर्वपरीक्षा" करा.